आईच्या ऑपरेशनसाठी रजा टाकायचीय: प्रकार कोणता, दिवस किती, शिल्लक कशी मोजायची

प्रश्न: राज्य सरकारच्या तालुक्याच्या ऑफिसात आहे, १६ ऑगस्ट २०२२ ला जॉइन झालो. आईचं ४ नोव्हेंबर २०२५ ला पुण्यात ऑपरेशन आहे. मी १ ते १६ नोव्हेंबर अशी १६ दिवस मेडिकल टाकली, कारण ईएल माझ्या हिशोबाने १५ च आहेत आणि मेडिकल ३ वर्षांच्या ६० मधून ९ वापरल्यात म्हणजे ५१ आहेत. अर्ज परत आला, शेरा "रजेचा प्रकार व शिल्लक तपासून फेरसादर करावे". सीएल ४ आहेत. आता काय लिहू? (आधीच्या रजा: २०२३ ला डेंग्यूत ९ दिवस मेडिकल, त्याच वर्षी लग्नाला १२ ईएल, २०२४ ला परीक्षेसाठी ४० ईएल, २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ३३ ईएल आणि लागून २० दिवस बिनपगारी.)

उत्तर:

आधी चांगली बातमी, तुम्हाला पूर्ण पगारी रजा मिळू शकते आणि डॉक्टरचं सर्टिफिकेटही लागणार नाही. पण अर्जात तीन गोष्टी चुकल्यात. प्रकार चुकलाय, दिवस चुकलेत आणि शिल्लकही चुकलीय, फक्त शेरा मारणाऱ्याने कुठलं काय ते सांगितलेलं नाही. मी आस्थापनेत बरीच वर्षं काढलीत, असे शेरे मी पण लिहिलेत, टेबलावर पन्नास अर्ज असले की कोण समजावत बसतंय. असो, एकेक बघू.

"मेडिकल" पासून सुरुवात करू कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याला लागू असलेले महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ उघडले तर वर्षाला २० मेडिकल असा प्रकार तुम्हाला सापडणारच नाही. ज्या २० दिवसांना ऑफिसात सगळे मेडिकल म्हणतात ती असते अर्धवेतनी रजा, नियम ६०. दर १ जानेवारीला १० आणि दर १ जुलैला १० अशी ती खात्यावर जमा होते आणि नावाप्रमाणे ती घेतली तर पगार निम्मा, म्हणजे मूळ वेतन निम्मं आणि महागाई भत्ता त्या निम्म्यावर. ही रजा आजारपणासाठीही मिळते आणि खासगी कामासाठीही मिळते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मग लोकांना आजारपणात पूर्ण पगार कसा मिळतो? तर ती परावर्तित रजा, नियम ६१. म्हणजे तुमच्या अर्धवेतनी खात्यातले दोन दिवस द्यायचे आणि पूर्ण पगाराचा एक दिवस घ्यायचा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळते, आणि प्रमाणपत्र कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजाराचं लागतं. आईचं ऑपरेशन हे कारण कितीही खरं असलं, हॉस्पिटलचे कागद कितीही जाड असले, तरी त्यावर तुम्हाला परावर्तित रजा बसत नाही कारण आजारी तुम्ही नाही. तुमचा अर्ज परत यायचं पहिलं कारण हे.

इथे काही जण काय करतात तर ओळखीच्या डॉक्टरकडून स्वतःच्या नावावर व्हायरल फीव्हर नाहीतर कंबरदुखी लिहून आणतात. करू नका. ऑफिसला शंका आली तर दुसऱ्या वैद्यकीय तपासणीला पाठवता येतं, रुजू होताना फिटनेस द्यावं लागतं, आणि तेवढ्यात कोणी पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये तुम्हाला आईजवळ बघितलं तर विषय रजेचा राहत नाही, खोटं प्रमाणपत्र दिल्याचा होतो. तुमच्या बाबतीत तर त्याची गरजच नाही, शिल्लक नीट मोजली की कळेल.

शिल्लक मोजू. तुम्ही तारखा सगळ्या दिल्यात म्हणून सोपं आहे. अर्जित रजा म्हणजे ईएल, नियम ५०, दर सहामाहीला १५ आगाऊ जमा होते. पण सहामाहीच्या मधेच नोकरीला लागलात तर पहिल्यांदा पूर्ण १५ मिळत नाहीत, त्या सहामाहीत जेवढे पूर्ण कॅलेंडर महिने सेवा होणार त्या प्रत्येकाला अडीच दिवस. तुम्ही १६ ऑगस्टला लागलात त्यामुळे ऑगस्ट धरायचा नाही, सप्टेंबर ते डिसेंबर चार महिने, म्हणजे १० दिवस. अर्धवेतनीला तसंच, महिन्याला ५/३ दिवस, चार महिन्यांचे ६.६७, पूर्णांक करून ७.

आता ईएल पुढे नेऊ. जानेवारी २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत पाच वेळा १५ जमा झाले, ते ७५, अधिक सुरुवातीचे १०, झाले ८५. त्यातून तुम्ही लग्नाला १२, परीक्षेला ४० आणि परत ३३ असे बरोबर ८५ घेतलेत. म्हणजे मार्च २०२५ मध्ये खातं शून्य झालं आणि म्हणूनच पुढचे २० दिवस बिनपगारी गेले. इथपर्यंत तुमचा आणि माझा हिशोब एकच आहे. तुम्ही पुढे म्हणता १ जुलै २०२५ ला १५ जमा झाले म्हणून शिल्लक १५. नाही झाले १५.

बिनपगारी म्हणजे नियमांच्या भाषेत असाधारण रजा, नियम ६३. आधीच्या सहामाहीत जेवढे दिवस असाधारण रजा घेतली त्याचा एक दशांश पुढच्या सहामाहीच्या ईएल जमेतून कापतात, जास्तीत जास्त १५ पर्यंत. तुमचे २० दिवस जानेवारी ते जून २०२५ या सहामाहीत आहेत, दहावा भाग २, म्हणून १ जुलैला जमा झाले १३. आज तुमची ईएल शिल्लक १३ आहे. हे दोन दिवस लोक हमखास विसरतात कारण बिनपगारी घेताना वाटतं की पगार कापला, विषय संपला. पण तिचा परिणाम नंतर जुलैमध्ये किंवा जानेवारीत दिसतो, तोपर्यंत आपण विसरलेलो असतो.

अर्धवेतनीचं खातं वेगळं चालतं, त्या जमेला असाधारण रजेमुळे कट बसत नाही. सुरुवातीचे ७, मग जानेवारी २०२३ पासून जुलै २०२५ पर्यंत सहा वेळा १०, एकूण ६७. डेंग्यूच्या ९ दिवसांना तुम्हाला पूर्ण पगार मिळाला होता ना? मग ती परावर्तित होती, आणि खर्ची पडले ९ नाही, १८. शिल्लक ४९. या ४९ मधून पूर्ण पगारी परावर्तित जास्तीत जास्त निम्मी म्हणजे २४ दिवस, त्याला ४८ खर्ची पडतील आणि १ उरेल. आता तुमच्या डोक्यातल्या "५१ मेडिकल" शी हे ताडून बघा. उद्या खरंच स्वतः आजारी पडलात आणि ५१ दिवस पूर्ण पगारी आहेत असं समजून घरी राहिलात तर निम्म्याच्या पुढे पगार कुठून येणार?

एक जाता जाता, तुम्ही परीक्षा देताय म्हणून सांगतो. परावर्तित रजेवर असताना तिथूनच परत रुजू न होता राजीनामा दिला तर ती परावर्तित रजा अर्धवेतनी धरतात आणि जास्तीचा गेलेला पगार वसूल करतात. निवड झाल्यावर लोक असं करतात आणि मग कार्यमुक्तीचा आदेश वसुलीवर अडकतो.

आता दिवस. तुम्ही लिहिलंत १ ते १६ नोव्हेंबर, १६ दिवस. कॅलेंडर काढा. १ नोव्हेंबर २०२५ ला शनिवार आहे, २ ला रविवार. आपल्याला २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवार-रविवार ऑफिसच बंद, मग त्या दोन दिवसांची रजा कशाला मागायची? तसंच १५ ला शनिवार, १६ ला रविवार. ज्या दिवशी रजा सुरू होते त्याच्या लगेच आधीच्या सुट्ट्या आणि जिथे संपते त्याच्या लगेच पुढच्या सुट्ट्या रजेला जोडून घेता येतात, त्या खर्ची पडत नाहीत. म्हणजे रजा मागायची सोमवार ३ ते शुक्रवार १४ नोव्हेंबर, दिवस १२, मागे १-२ आणि पुढे १५-१६ सुट्ट्या जोडून. शुक्रवारी ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी निघालात की सोमवार १७ ला सकाळी रुजू, गैरहजेरी तुम्हाला हवी तेवढी पूर्ण १६ दिवसांची, आणि खात्यातून जातात १२. शिल्लक १३. बसलं.

मधल्या सुट्ट्यांना मात्र ही सवलत नाही. ५ नोव्हेंबरला बुधवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे आणि ८-९ ला शनिवार-रविवार आहे, ते तिन्ही दिवस रजेच्या पोटात येतात म्हणून ते रजाच धरले जातात. कामाचे दिवस मोजले तर ९ च भरतात आणि म्हणून काही जण अर्जात "९ दिवस अर्जित रजा" लिहितात, तेही परत येतं. ईएल, अर्धवेतनी, परावर्तित, या सगळ्यात पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत कॅलेंडरचे दिवस मोजायचे. मधल्या सुट्ट्या सोडून मोजायची सोय फक्त सीएलला आहे.

सीएलवरून आठवलं. तुमच्या डोक्यात हा विचार येणारच, की ३ आणि ४ ला सीएल टाकू, ५ ला सुट्टीच आहे, आणि ईएल ६ पासून घेऊ, म्हणजे ईएल ९ च जातील आणि ३ वाचतील. हुशार विचार आहे पण चालत नाही. नैमित्तिक रजा ही नियमांतल्या रजेच्या प्रकारात मोडतच नाही, ती वर्षाला ८ दिवसांची सवलत आहे, नियमित रजेला ती जोडता येत नाही. मधे ५ तारखेची सुट्टी आहे म्हणून दोन्ही वेगळ्या झाल्या असं होत नाही, कारण तुम्ही मधे एकही दिवस ऑफिसात हजर नव्हता. हजर राहून सही केली असती तर वेगळं. आणि सगळंच सीएलवर ढकलायचं म्हटलं तर तुमच्याकडे ४ च आहेत, शिवाय सीएलमध्ये सुट्ट्या धरून सलग गैरहजेरी साधारण ७ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. ते ४ डिसेंबरसाठी ठेवा, आईला तपासणीला न्यायला एकेक दिवस लागतीलच, आणि ३१ डिसेंबरला उरलेल्या सीएल तशाही जातात.

तर अर्ज असा करा. नमुना १ मधला छापील फॉर्म ऑफिसात असतो, त्यातले रकाने भरा आणि सोबत साधा विनंती अर्ज द्या. मजकूर साधारण असा:

"माझ्या आईची दि. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी पुणे येथे शस्त्रक्रिया होणार असल्याने मला दि. ३ नोव्हेंबर २०२५ ते दि. १४ नोव्हेंबर २०२५ अशी एकूण १२ दिवसांची अर्जित रजा मंजूर करावी. रजेच्या मागे दि. १ व २ नोव्हेंबर आणि पुढे दि. १५ व १६ नोव्हेंबर २०२५ या सुट्ट्या जोडून घेण्यास, तसेच सदर कालावधीत मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी. दि. १ जुलै २०२५ रोजीच्या जमेनंतर माझ्या खाती १३ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. रजा उपभोगून मी दि. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी म.पू. कामावर रुजू होईन."

खाली रजेतला पुण्याचा पत्ता आणि मोबाईल नंबर. हॉस्पिटलचं ऑपरेशनच्या तारखेचं पत्र असेल तर जोडा, नियमाने सक्तीचं नाही पण रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करणाऱ्याला कामाची निकड दाखवून नाही म्हणता येतं, अशावेळी ते पत्र कामाला येतं. सुट्ट्या जोडायची आणि मुख्यालय सोडायची परवानगी अर्जातच मागून ठेवा, नंतर त्यासाठी वेगळा कागद फिरवायला लागू नये. तुमच्याकडे रोकड किंवा स्टोअरचा चार्ज असेल तर सुट्ट्या जोडताना तो कोणाला दिला हे पण लिहायला लागेल, कारण चार्ज दिल्याशिवाय शुक्रवारी संध्याकाळी निघता येत नाही.

पण हा अर्ज द्यायच्या आधी एक काम करा. मी वर जे १३ काढले ते तुमच्या सांगण्यावरून. ऑफिस ते मान्य करणार नाही, ऑफिस बघणार सेवापुस्तकातला रजा लेखा, म्हणजे नमुना २. आस्थापना लिपिकाकडे जा, चहा वगैरे घ्या, आणि तो पान उघडून दाखवा म्हणा. तुमच्याकडे दुय्यम सेवापुस्तक असेल तर ते सोबत न्या. तिथे मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे शेवटची जमा कुठली आहे. खूप ठिकाणी रजा लेखा दोन दोन वर्षं लिहिलेलाच नसतो, शेवटची ओळ जानेवारी २०२४ ची असते आणि लिपिक त्याच आकड्यावर शेरा मारून मोकळा होतो. तसं असेल तर भांडू नका, पुढच्या जमा आणि खर्ची पडलेल्या रजांचे आदेश क्रमांक एका कागदावर लिहून द्या, त्याचं काम सोपं होतं आणि नोंद तुमच्या समोर होते. दुसरं, प्रत्येक मंजुरी आदेशाची नोंद आहे का. तुमची बदली झाली असती तर मी म्हटलो असतो जुन्या ऑफिसातला शेवटचा आदेश हमखास राहिलेला असतो, कारण सेवापुस्तक आधी रवाना होतं आणि आदेश नंतर निघतो. आणि तिसरं, तुमच्या बाबतीत खास, डेंग्यूच्या ९ दिवसांपुढे १८ खर्ची टाकलेत की ९.

समजा तिथे ९ च टाकलेत. तर अर्धवेतनी शिल्लक ४९ ऐवजी ५८ दिसेल. वाटेल बरंय, गप्प बसू. पण सेवापुस्तक पुढे कधीतरी तपासलं जातंच, निदान निवृत्तीच्या वेळी तर नक्कीच, आणि त्या नऊ दिवसांच्या जोरावर मधे कधी रजा घेतलेली असेल तर ती शिल्लक नसताना घेतलेली ठरते. मग अतिप्रदान, मग वसुली. आत्ता दोन ओळींची दुरुस्ती आहे, ती करून घ्या. उलटही होतं, १ जुलैच्या जमेला १/१० कट न लावता सरळ १५ लिहिलेले असतात. तसं दिसलं तरी अर्जात १३ च धरा, कारण तो आकडा टिकणारा आहे आणि तुम्हाला १२ च हवेत.

आता खरी अडचण पुढे येऊ शकते ती सांगतो. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले अजून आठवडाभर थांबा, तर रजा वाढवायला लागेल. त्यावेळी सगळे जण लिहितात "१७ ते २१ नोव्हेंबर, ५ दिवस वाढीव रजा". हे चुकतं. तुम्ही १५-१६ च्या सुट्ट्या रजेच्या शेवटी आहेत म्हणून फुकट जोडल्या होत्या. रजा पुढे वाढली की त्या शेवटी राहत नाहीत, मधे येतात, आणि मधल्या सुट्ट्या रजेत धरायच्या हे वर बघितलंच. त्यामुळे वाढीव रजा १५ ते २१ नोव्हेंबर, ७ दिवसांची होते, आणि २२-२३ चा शनिवार-रविवार पुढे जोडायचा, रुजू २४ ला.

या ७ दिवसांसाठी ईएल १ उरलीय, ती १५ तारखेला जाईल. उरलेले १६ ते २१ हे ६ दिवस अर्धवेतनी रजा, खासगी कारणास्तव. मघाशी म्हटलं ना अर्धवेतनीला सर्टिफिकेट लागतंच असं नाही, ते इथे उपयोगी पडतं. पगार त्या सहा दिवसांचा निम्मा मिळेल, अर्धवेतनी शिल्लक ४९ वरून ४३ होईल. ईएल आणि अर्धवेतनी एकमेकांना जोडता येतात, सीएलसारखी अडचण नाही. वाढीव अर्ज मूळ रजा संपायच्या आत पाठवा, म्हणजे १४ च्या आधी, ईमेलने पाठवला तरी ऑफिसात एकाला सांगून आवक नोंदवून घ्या. रजा संपल्यावर आलेला अर्ज म्हणजे मधले दिवस अनधिकृत गैरहजेरी आणि ती नियमित करायला परत खुलासा, परत फाईल.

यात एक फाटा आहे. तुम्हाला वाटेल की निम्म्या पगारापेक्षा परत बिनपगारी नको का, अर्धवेतनी साठवून ठेवू आजारपणासाठी. हा तुमचा निर्णय, पण असाधारण रजा नियमाने दोनच वेळा मिळते, एकतर दुसरी कुठलीही रजा शिल्लक नाही, नाहीतर शिल्लक असूनही तुम्ही स्वतः लेखी मागितलीत. मार्चमध्ये तुमची ईएल संपली होती पण अर्धवेतनी त्यावेळी ३९ होती (तेव्हा जुलैचे १० आले नव्हते), म्हणजे तुम्ही नक्की लेखी मागितली असणार, किंवा कोणीतरी तुमच्याकडून तसं लिहून घेतलं असणार कारण ईएल संपली की थेट विनावेतन असाच समज आहे. माझ्या मते ते तुमच्या तोट्याचं झालं. निम्मा पगार गेला, ईएलचे २ दिवस गेले, आणि वैद्यकीय कारणाशिवायची असाधारण रजा वेतनवाढीसाठीच्या सेवेतही धरत नाहीत.

हे आत्ताही काही अंशी दुरुस्त होऊ शकतं. मंजूर झालेली रजा पूर्वलक्षी प्रभावाने दुसऱ्या प्रकारच्या रजेत बदलून द्या अशी विनंती करता येते, अट एवढीच की बदलून मागताय ती रजा त्या वेळी तुमच्या खात्यावर देय असायला हवी, आजची शिल्लक चालत नाही. तुमच्या बाबतीत ३९ होती, हवेत २०, म्हणजे अट पुरी होते. मंजूर केलं तर २० दिवसांचा अर्धा पगार मिळेल, जुलैची ईएल जमा १३ ची परत १५ होईल, आणि अर्धवेतनीतून २० जातील. म्हणजे आजची ४९ ती २९ होईल, आणि त्यावर परावर्तित १४ दिवसच मिळेल. हा हक्क नाही, मंजूर करणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि असे अर्ज जुने झाले की कोणी हात लावत नाही, त्यामुळे करायचा तर आत्ताच. पण तो आईच्या रजेच्या अर्जात मिसळू नका. तो वेगळा कागद, वेगळ्या तारखेला. नाहीतर रूपांतराची फाईल निघेपर्यंत हा १२ दिवसांचा साधा अर्जही तिच्याखाली पडून राहील, आणि ऑपरेशन तर ४ तारखेला आहे.

ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली तर? घाबरू नका, रजा सुरू व्हायच्या आधी तारखा बदलायची विनंती करा आणि दिवस परत मोजा. १० ते २१ नोव्हेंबर घेतलीत तरी १२ च दिवस होतात. पण डिसेंबरच्या शेवटी गेली आणि रजा १ जानेवारी ओलांडत असेल तर लक्षात ठेवा की १ जानेवारी २०२६ ची जमा त्या तारखेच्या आधीच्या दिवसांना वापरता येत नाही. डिसेंबरच्या दिवसांना या १३ मधूनच भागवायचं.

हे वाचणारे खासगी कंपनीवाले असतील तर यातले आकडे उचलू नका, तुमच्याकडे नियम कंपनीच्या पॉलिसीत असतात आणि महाराष्ट्रातल्या दुकानं-आस्थापनांना २०१७ चा वेगळा कायदा आहे, त्यात ८ सीएल तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात आणि कमावलेली रजा ४५ दिवसांपर्यंतच साठते. शनिवार-रविवार मधे आला तर रजा धरायची की नाही हे तर कंपनीगणिक बदलतं, पोर्टलवर तारखा टाकून सबमिट करायच्या आधी तो किती दिवस दाखवतोय ते बघा, तिथेच कळतं. शिक्षकांना पण हा हिशोब जसाच्या तसा लागू नाही, दीर्घ सुट्टी मिळणाऱ्यांची ईएल वेगळ्या पद्धतीने मोजतात.

तुम्ही उद्या सेवापुस्तक बघून या आणि रजा लेख्याची शेवटची ओळ काय म्हणते ते इथेच खाली लिहा. १३ पेक्षा कमी दिसली तर कुठला आदेश दोनदा खर्ची पडलाय ते शोधू, आणि तोवर अर्जात १२ च्या जागी कमी दिवस टाकून तडजोड करू नका, फरक पडलाच तर शेवटचा एखादा दिवस अर्धवेतनीत घालता येईल.